इन्हेलरच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना या चुका टाळा

घरात कुणा आजी-आजोबांना नवा इन्हेलर लिहून दिला जातो. खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावर बारीक इंग्रजी असतं. मग कुणीतरी त्याचा फोटो काढतं, फोनमधल्या भाषांतर अ‍ॅपमधून मराठी करून घेतं किंवा स्वतः बसून लिहून देतं. वाचायला ते मराठी बरं वाटतं, पण त्याप्रमाणे केल्यावर औषध फुप्फुसांत जाण्याऐवजी घशाच्या मागच्या भागावर बसतं. असं का होतं, हे डबी दाबून फवारा येणाऱ्या, स्टेरॉइड असलेल्या रोजच्या इन्हेलरच्या उदाहरणाने पाहू.

पहिली चूक फोटोतच होते. हा कागद पातळ असतो आणि मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते. कागदाखाली काळं किंवा गडद रंगाचं काही ठेवलं की मागची अक्षरं बरीच पुसट होतात. घडीची रेघ सपाट करा, फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. मजकूर दोन रकान्यांत असेल तर प्रत्येक रकान्याचा फोटो वेगळा काढा, कारण अ‍ॅप कधीकधी दोन्ही रकान्यांच्या ओळी आडव्या जोडून वाचतं आणि पहिल्या पायरीनंतर पाचवी येते. घडीवर आलेला ‘नका’चा एखादा शब्द गळला, तर मनाई हीच सूचना होऊन बसते. म्हणून भाषांतराला बसण्याआधी मूळ कागदावर पायऱ्या किती आणि ‘करू नका’ अशी वाक्यं किती, हे मोजून बाजूला लिहून ठेवा. शेवटी मराठीतही तेवढीच भरली पाहिजेत.

दुसरी चूक म्हणजे भलत्याच इन्हेलरचा कागद वापरणं. औषधाचं नाव तेच असतं, पण उपकरण वेगळं असू शकतं. फवाऱ्याचा इन्हेलर बहुधा हलवावा लागतो आणि त्यातून श्वास हळू व खोल घ्यायचा असतो. कोरड्या पावडरच्या इन्हेलरमध्ये श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, कारण पावडर उडवण्याचं काम रुग्णाच्या श्वासानेच होतं. एकाचा कागद दुसऱ्याला लावला तर सूचना नेमक्या उलट्या होतात. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेलं तयार मराठी उचलू नका. कागदावरचं चित्र हातातल्या उपकरणाशी जुळतंय का, एवढं आधी पाहा.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. समजा, कागदावर अशा ८ पायऱ्या आहेत. १: टोपण काढून तोंडात धरायचा भाग आतून स्वच्छ आहे का पाहा. २: इन्हेलर चांगला हलवा. ३: आरामात जमेल तेवढा श्वास बाहेर सोडा, पण इन्हेलरमध्ये सोडू नका. ४: तो भाग दातांमध्ये धरून ओठ मिटा, चावू नका. ५: तोंडाने हळू आणि खोल श्वास आत घ्यायला लागताच डबी एकदा दाबा आणि श्वास आत घेत राहा. ६: इन्हेलर काढून १० सेकंद, किंवा त्रास न होता जमेल तेवढा वेळ, श्वास रोखून ठेवा. ७: दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून पायऱ्या २ ते ६ पुन्हा करा. ८: टोपण लावा आणि तोंड पाण्याने खळखळून पाणी थुंकून टाका, गिळू नका.

सोपं करून लिहिणाऱ्याला वाटतं, पहिल्या पायरीत दोन कामं आहेत, तर त्या दोन पायऱ्या करूया. हेतू चांगला असतो. पण आता हलवणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि श्वास रोखणं सातव्या. ‘पायऱ्या २ ते ६ पुन्हा करा’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं. रुग्ण दुसऱ्या पफला श्वास रोखतच नाही, कारण त्याच्या कागदाने त्याला तसं सांगितलेलंच नाही. ही चूक पटकन डोळ्यांत भरत नाही, कारण प्रत्येक वाक्य सुटं वाचलं तर बरोबरच असतं. पायरी मोठी वाटली तर १ अ आणि १ आ करा, मूळ क्रमांक हलवू नका. मला विचाराल तर दुसऱ्या पफच्या पायऱ्याही पूर्ण लिहून काढाव्यात. म्हाताऱ्या माणसाला हातात इन्हेलर धरून मागे जाऊन क्रमांक शोधायला लावू नये.

पाचव्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. घाईत तिचं ‘डबी दाबा आणि श्वास घ्या’ असं होतं. मग रुग्ण आधी दाबतो, फवारा तोंडातच आदळतो आणि श्वास नंतर सुरू होतो. काही जण ‘श्वास घेऊन दाबा’ असं लिहितात. तेही चूकच, कारण छाती भरल्यावर औषध आत नेणारा श्वास उरतच नाही. लिहिताना श्वास आधी सुरू करा, दाबणं त्याच्या मागोमाग ठेवा आणि श्वास चालूच ठेवायचा आहे हे वेगळ्या ओळीत सांगा:

५ अ. तोंडाने हळूहळू श्वास आत घ्यायला लागा.
५ आ. लागलीच डबी एकदा दाबा. श्वास थांबवू नका.
५ इ. तसाच हळू, खोल श्वास आत घेत राहा.

इशाऱ्यांमध्ये भाषा मऊ करू नका. ‘अचानक दम लागल्यास हा इन्हेलर वापरू नका, तातडीच्या आरामासाठी दिलेला वापरा’ याचं ‘शक्यतो वापरू नये’ झालं, तर दम लागलेला माणूस हाच इन्हेलर पुन्हापुन्हा दाबत बसेल. ‘ताबडतोब डॉक्टरांना दाखवा’ यातलं ‘ताबडतोब’ गाळू नका. इशारा ज्या पायरीचा आहे तिच्या शेजारीच ठेवा. सगळे इशारे गोळा करून शेवटी टाकले तर तिथपर्यंत कुणी वाचत नाही. नवा इन्हेलर किंवा बरेच दिवस न वापरलेला इन्हेलर आधी हवेत किती वेळा दाबायचा, हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो कागदावरून उतरवा, आठवणीने लिहू नका. रोज किती पफ, हे मात्र माहितीपत्रकातून घेऊ नका. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मोठ्या अक्षरांत वर लिहा.

इन्हेलरऐवजी घरी साखर मोजायच्या ग्लुकोमीटरचा कागद असेल तर स्क्रीनवर दिसणारं काहीही बदलू नका. HI, LO, mg/dL, mmol/L ही अक्षरं तशीच ठेवून शेजारी अर्थ लिहा. HI म्हणजे साखर मीटरच्या मोजण्यापलीकडे वर गेली आहे. अ‍ॅप त्याचं ‘नमस्कार’ करू शकतं.

लिहून झालं की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि औषध घ्यायच्या वेळी आजोबांना तेवढंच ऐकून करू द्या. मध्ये बोलू नका, फक्त पाहा. तोंडाच्या कोपऱ्यातून किंवा इन्हेलरच्या वरच्या बाजूने फवाऱ्याचं धुकं बाहेर आलं तर एक तर ओठ नीट मिटलेले नाहीत किंवा दाबणं श्वासाच्या आधी झालं. चौथी किंवा पाचवी पायरी पुन्हा लिहा. दोन्ही नीट लिहूनही धुकं बाहेरच येत असेल तर दोष मराठीचा नाही. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नाही असं डॉक्टरांना सांगा आणि इन्हेलर आणि तोंड यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, लावता येईल का, ते विचारा. स्पेसर मिळाला तर हा कागद बाजूला ठेवून त्याच्या कागदावरून नवा लिहावा लागेल, कारण मधल्या पायऱ्या बदलतात.