फ्रेंच रोजनिशीतील काळ दुरुस्त करताना

फ्रेंच शिकायला लागून वर्ष झाले असताना मी मागच्या रविवारबद्दल रोजनिशीत एक परिच्छेद लिहिला होता. मी स्टेशनवर गेले, मैत्रीण म्हणाली की ती दमली आहे, तिची पहिली गाडी चुकली आणि ती उद्या परत येईल, एवढाच त्यातला मजकूर होता. शब्द बरोबर होते, पण 'म्हणाली' सोडून उरलेल्या चारही क्रियापदांखाली मॅडमनी रेघ मारली होती.

पहिली चूक थेट मराठीतून आली होती. 'मी स्टेशनवर गेले होते' असे आपण साध्या भूतकाळासाठीही सहज म्हणतो, म्हणून मी 'झेते आले' असे लिहिले. हा फ्रेंचमधला प्ल्यूस-क-पारफे. भूतकाळातल्या एखाद्या घटनेच्याही आधी जे घडून गेले, त्याच्यासाठी तो वापरतात. इथे त्याआधीचे काही सांगायचे नसल्याने पासे कोंपोझे हा घडून गेलेल्या गोष्टीसाठीचा साधा भूतकाळ, म्हणजे 'झ स्वी आले', हवा होता.

उरलेल्या तीन चुकांचे कारण एकच होते. मराठीत 'ती म्हणाली की' यानंतर बोलणाऱ्याचा मूळ काळ तसाच राहतो; फ्रेंचमध्ये मात्र मुख्य क्रियापद भूतकाळात असले, की त्यावर अवलंबून असलेल्या वाक्याचा काळ सहसा मागे सरकतो. त्यामुळे 'एल ए फातिगे' (ती दमली आहे) याचे अँपारफे या भूतकाळातली चालू स्थिती सांगणाऱ्या काळात 'एल एते फातिगे' झाले. गाडी भेटीच्या आधीच चुकली होती, म्हणून 'एल आ राते' याचे 'एल आव्हे राते' झाले. प्ल्यूस-क-पारफेची खरी जागा ही होती. 'एल रव्हियँद्रा' या भविष्यकाळाचे कोंदिसिओनेल या, इथे 'येणार होती' असा अर्थ देणाऱ्या, रूपात 'एल रव्हियँद्रे' झाले आणि त्याबरोबर 'दमँ' (उद्या) जाऊन 'ल लांदमँ' (दुसऱ्या दिवशी) आले, कारण तो 'उद्या' लिहिण्याच्या वेळेपर्यंत उलटून गेला होता.

नियम कळल्यावर मी उलट बाजूने चुकू लागले आणि दिसेल तिथे काळ मागे ढकलू लागले. रोजनिशी त्याच संध्याकाळी लिहिली असेल आणि येणारा दिवस खरोखरच पुढे असेल, तर भविष्यकाळ आणि 'दमँ' तसेच ठेवता येतात. म्हणून मी आता आधी नोंदीची तारीख पाहते, मग 'म्हणाली', 'वाटले', 'कळले' अशी मुख्य क्रियापदे अधोरेखित करते आणि प्रत्येकापुढची गोष्ट त्या क्षणाच्या आधीची, त्याच वेळची की नंतरची, हे समासात लिहिते.

'मी येईन' आणि 'मी येईन असे म्हणाले' यांतली क्रियापदे मात्र कानाला अनेकदा फसवतात, कारण प्रथमपुरुषी रूपांत फक्त शेवटच्या 'एस' या न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षराचा फरक असतो. तिथे मी कर्ता बदलून 'ती' ठेवते. मग 'व्हियँद्रा' हवे की 'व्हियँद्रे' हे लगेच ऐकू येते, आणि 'व्हियँद्रे' आले तर मूळ वाक्यात तो 'एस' लिहिते.