हृदयाच्या आकृतीचं वर्णन लिहायला बसण्याआधी

दृष्टिहीन मुलांसाठी विज्ञानाच्या पुस्तकातल्या नामनिर्देशित आकृत्या शब्दांत उतरवून द्यायचं काम मी काही वर्षं करते आहे. कुणीतरी पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवतं, मी त्याचं वर्णन लिहिते आणि मुलं ते स्क्रीन रीडरवर ऐकतात. सगळ्यात जास्त वेळा मागणी येते ती हृदयाच्या उभ्या छेदाची, आणि सगळ्यात जास्त चुकाही त्याच आकृतीत होतात. म्हणून ही तयारी तिच्याच आधाराने सांगते.

आधी फोटो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं पान दाबून लहान केलं जातं, आणि त्यात पहिल्यांदा काय जातं, तर नावापासून भागापर्यंत जाणारी बारीक रेघ. अक्षरं वाचता येतात, पण रेघ मधेच विरते. तेव्हा पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं. एक फोटो पूर्ण पानाचा, आकृतीच्या खालच्या ओळीसकट, आणि दोन फोटो जवळून, डाव्या आणि उजव्या अर्ध्याचे. पुस्तक बांधणीपाशी हाताने नीट दाबून धरायला सांगायचं, कारण तिथल्या वळणात त्या बाजूची नावं आत जातात. आकृतीशेजारचा मजकूरही मागून घ्यायचा. एखादं नाव पुसट असलं, तर त्या पुस्तकात कर्णिका-जवनिका म्हटलंय की अलिंद-निलय, ते शेजारच्या मजकुरातून कळतं. मुलाच्या पुस्तकात जे शब्द आहेत तेच वर्णनात हवेत.

फोटो हातात आला की मी लगेच लिहायला घेत नाही. आधी एका कागदावर नावं मोजते आणि रेघांची टोकं मोजते. मागच्या वेळच्या आकृतीत बारा नावं होती. पानाच्या डाव्या बाजूला वरून खाली ऊर्ध्व महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदली झडप, उजवे निलय, अधो महाशिरा अशी पाच. उजव्या बाजूला महाधमनी, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा, डावे अलिंद, द्विदली झडप, डावे निलय अशी सहा. आणि एक, ‘पडदा’, आकृतीच्या आतच, दोन निलयांच्या मधल्या भिंतीवर छापलेलं. भागांवर टेकलेली टोकंही मोजली तर बाराच भरली. हिशेब जुळला असं वाटलं, पण तो जुळलेला नव्हता. ‘पडदा’ या नावाला रेघच नव्हती, आणि ‘फुप्फुस शिरा’ या एका नावाची रेघ पुढे दुभंगून दोन नळ्यांवर टेकत होती. एक कमी, एक जास्त, म्हणून आकडा सारखा. तेव्हापासून मी नुसते आकडे लिहीत नाही. प्रत्येक नावासमोर ‘रेघ एक’, ‘रेघ नाही, आत छापलेलं’, ‘रेघ दुभंगलेली’ असं लिहिते.

रेघेचा माग काढायचा तो भागाकडून नावाकडे. आपला हात सवयीने नावापासून सुरू होतो आणि मग वाटेत जो भाग पहिला लागेल त्यालाच ते नाव चिकटवून मोकळा होतो. उजव्या बाजूच्या ‘द्विदली झडप’ची रेघ डाव्या निलयाच्या जाड भिंतीवरून आत जाते. ती भिंत रेघेच्या वाटेत आहे, रेघ तिथे थांबत नाही. टोकापासून सुरुवात केली की हा घोटाळा होत नाही. टोक कशाने संपतं तेही बघायचं. काही पुस्तकांत ठिपका असतो, काहींत बाणाचं टोक, काहींत रेघ नुसतीच थांबते. रेघ नुसती थांबत असेल तर फोटो मोठा करून बघावं लागतं, कारण ती भिंतीवर थांबली की भिंतीच्या आतल्या पोकळीत, यावरून अर्थ बदलतो.

इथेच दोन प्रकारचे बाण वेगळे करून ठेवायचे. नाव दाखवणारी रेघ बाणाच्या टोकाची असेल, तर ती आणि रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारा बाण घाईत सारखेच दिसतात. रेघ आकृतीच्या बाहेर, नावापाशी सुरू होते. वाहण्याचा बाण अख्खा नळीच्या किंवा कप्प्याच्या आत असतो आणि त्याच्या कुठल्याच टोकाला अक्षरं नसतात. मी छापलेल्या फोटोवर रेघांना पेन्सिलने खूण करते आणि वाहण्याच्या बाणांना लाल पेनने. वर्णनातही दोन्ही एका वाक्यात आणत नाही. आधी सगळी नावं, मग रक्ताचा प्रवास.

आता डावं-उजवं. आकृतीतलं हृदय आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं असतं, त्यामुळे पानाच्या डाव्या बाजूला उजवे अलिंद आणि उजवे निलय येतात. बघणाऱ्याला हे उलटं करून घ्यावं लागतं. ऐकणाऱ्या मुलाला ही कसरत करायची गरजच नाही. त्याचं हृदय त्याच्या छातीत आहे, त्याचं डावं तेच हृदयाचं डावं. म्हणून माझ्या टिपणात पानाची बाजू असते, पण मुलाच्या हाती जाणाऱ्या मजकुरात फक्त शरीराची बाजू असते आणि पहिल्याच ओळीत तसं सांगितलेलं असतं. दोन्ही मिसळले की ‘डावीकडे उजवे अलिंद’ अशी वाक्यं तयार होतात आणि मूल तिथेच अडकतं. शिक्षक वर्गात पानाच्या बाजूने बोलतील, एवढी एक सूचना शेवटी वेगळ्या ओळीत द्यायची.

फोटो काळा-पांढरा असेल, झेरॉक्सचा असेल, तर निळा-लाल हा आधार नाही. मग डावं-उजवं ताडून बघायला मी निलयांच्या भिंती बघते. डाव्या निलयाला रक्त सगळ्या शरीरभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत, त्यामुळे डाव्याची भिंत कितीतरी जाड काढलेली असते. हृदयाचं खालचं टोकही शरीराच्या डाव्या बाजूला झुकलेलं असतं. झडपेच्या पाकळ्या मात्र मोजू नका. उभ्या छेदात त्रिदली झडपेच्या तीनपैकी अनेकदा दोनच पाकळ्या दिसतात, आणि मग तीच द्विदली वाटते.

सगळ्यात अवघड जागा डाव्या अलिंदाच्या वर आहे. महाधमनीची कमान, तिच्याखाली फुप्फुस धमनीचा डावा फाटा, आणि लगेच त्याखाली डाव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या दोन फुप्फुस शिरा, असं सगळं बोटभर जागेत एकावर एक असतं. तिथेच तीन नावांच्या रेघा येऊन टेकतात. माझी चूक इथेच झाली होती. पुसट फोटोत धमनीची रेघ मी एक घर खाली धरली आणि लिहून टाकलं, ‘फुप्फुस धमनी डाव्या अलिंदाला जोडलेली आहे.’ दहावीतल्या मुलीने फोन करून विचारलं, ‘‘ताई, धमनी अलिंदातून कशी निघेल? ती तर निलयातून निघते ना?’’ तिला पाठ नीट येत होता म्हणून तिने मला पकडलं. जिला येत नसेल तिने तेच लेखनिकाला सांगितलं असतं.

त्या जागी आता मी रेघेवर एकटीवर विश्वास ठेवत नाही, नळी कुठून येते ते शेवटपर्यंत बघते. नळी आत येऊन महाधमनीच्या पुढून खाली उतरत उजव्या निलयात पोचली, तर ती धमनी. डाव्या अलिंदात येऊन संपली, तर शिरा. नळीतला बाण बाहेर जात असेल तर धमनी, हृदयाकडे येत असेल तर शिरा. रंग असला तर इथे उलटा असतो आणि तो बरोबरच असतो: फुप्फुस धमनी निळी, कारण तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, आणि फुप्फुस शिरा लाल. रेघ, नळी आणि बाण तिन्ही एकच सांगत असतील तरच मी ते वाक्य पक्कं करते. तिन्हींत मेळ नसेल तर चांगला फोटो मागवते. पुस्तकातच रेघ चुकीच्या नळीवर छापलेली असेल, तर छापलंय ते तसंच सांगते आणि पुढे लिहिते, ‘इथे छपाईत चूक दिसते, शिक्षकांना विचारून घे.’ न वाचता येणारं नाव स्वतःच्या माहितीने भरायचं नाही. ‘या जागी एक नाव आहे, फोटोत वाचता येत नाही’ एवढं लिहायचं.

मग लिहायला बसायचं. माझी सुरुवात अशी असते: ‘हृदय समोरून उभं कापून आतले चार कप्पे दाखवले आहेत. डावं-उजवं तुझ्या स्वतःच्या शरीराप्रमाणे समज. वर दोन अलिंद, खाली दोन निलय.’ त्यानंतर एका नावाला एक छोटा परिच्छेद. धमनीचा असा: ‘फुप्फुस धमनी. उजव्या निलयाच्या वरच्या भागातून निघते, महाधमनीच्या पुढून तिरकी डावीकडे वर जाते आणि महाधमनीच्या कमानीखाली तिचे दोन फाटे होतात. एक डाव्या फुप्फुसाकडे, दुसरा महाधमनीच्या मागून उजव्या फुप्फुसाकडे. नावाची रेघ डाव्या फाट्यावर आहे.’ प्रत्येक नाव कशाच्या वर, खाली किंवा मधे आहे हे आधी येऊन गेलेल्या भागाच्या आधाराने सांगायचं, म्हणजे मुलाला पुढच्या न ऐकलेल्या नावावर उडी मारावी लागत नाही. कप्पे आधी, झडपा मग, नळ्या शेवटी. बाणाचं चिन्ह टाइप करायचं नाही, कारण काही स्क्रीन रीडर ते वाचतच नाहीत आणि दोन नावं नुसतीच एकापुढे एक ऐकू येतात. ‘उजव्या अलिंदातून उजव्या निलयाकडे’ असं पूर्ण लिहायचं.

पाठवण्याआधी घरातल्या कुणालातरी, ज्याने ती आकृती पाहिलेली नाही, त्याच्या हातात पेन्सिल द्यायची आणि समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं हृदय काढतोयस असं सांगून वर्णन वाचून दाखवायचं. पेन्सिल जिथे थांबेल ते वाक्य सुधारायचं. मागच्या वेळी माझा भाऊ फुप्फुस शिरांपाशी थांबला. मी लिहिलं होतं, ‘डाव्या अलिंदाला येऊन मिळतात.’ त्याने विचारलं, ‘‘किती, आणि कुठल्या बाजूने?’’ ते वाक्य आता असं आहे: ‘डाव्या फुप्फुसाकडून दोन शिरा डाव्या अलिंदाला मिळतात, नावाची दुभंगलेली रेघ या दोघींवर आहे. उजव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या आणखी दोन चित्रात आहेत, त्यांना नाव दिलेलं नाही.’