९० सेकंदांचा किस्सा: रविवारच्या मुलाखतीआधीची तयारी

माझ्या भाचीची रविवारी नागपूरला धंतोलीत मुलाखत आहे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने ९० सेकंदांत आपला एक अनुभव सांगायचा आहे. तिने निवडला तो घरच्या बागेतली संत्री टेम्पोने कळमन्याच्या बाजारात नेऊन एकटीने विकल्याचा. बुधवारी ती तयारी करून घरी आली आणि तिने मला तो ऐकवला, तर घड्याळात ३ मिनिटं १० सेकंद झाले. टेम्पो बाजारात पोचेपर्यंतच सव्वा मिनिट गेलं होतं. तिच्यासाठी चार दिवसांची जी यादी काढली, ती अशी.

बुधवारी फक्त मोजायचं. मोबाइल समोर ठेवून नेहमीच्या गतीने एक मिनिट बोला आणि शब्द मोजा. भाचीचे ११० भरले. मराठीत शब्द लांब असतात, त्यामुळे एवढेच येतात. याहून फार जास्त भरले तर आपण धावतोय. ९० सेकंदांतले १० श्वासाला आणि थांबण्याला सोडले, की तिच्या हातात साधारण १५० शब्द उरतात. कागदावर फार तर तेवढेच लिहायचे, एकही जास्त नाही.

गुरुवारी प्रसंगाची जागा. तिची सुरुवात आजोबांनी काटोलला बाग कशी लावली इथून होती. ते सगळं काढलं. वेळ, जागा, सोबत काय आहे आणि नेहमीपेक्षा वेगळं काय आहे, एवढ्या चार गोष्टी दोन-तीन वाक्यांत आल्या की बस. ‘बाबा घरी तापाने पडलेले’ हे चार शब्द ठेवले, कारण ती तिथे एकटी का होती ते या शब्दांवाचून कळत नाही. बागेचं क्षेत्रफळ गेलं. बिचारीला फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी ताण, आणि खरा वेळ इथेच द्यावा. निम्मे शब्द इथे गेले तरी चालेल. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॅलेट्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९६७ साली लोकांनी तोंडी सांगितलेल्या अनुभवांची रचना तपासली. घडलेल्या घटनांची नुसती ओळ लावली की कथन पुरं होत नाही, ती घटना सांगण्याजोगी का आहे हेही सांगणारा दाखवत असतो, असं त्यांनी मांडलं. ते नसलं की ऐकणाऱ्याच्या मनात ‘बरं, मग काय?’ येतं. भाचीच्या पहिल्या कागदावर ‘मला खूप टेन्शन आलं’ असं दोनदा होतं. टेन्शन सांगून येत नाही. काय हातचं जाणार होतं आणि किती वाजेपर्यंत, हे दोन्ही कळलं तर समोरचा आपणच घड्याळ बघायला लागतो. म्हणून टेम्पोवाल्याची नऊची वेळ आत आणली. मग अडचणीच्या दोनच पायऱ्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा चढी. तिच्याकडे चार व्यापारी होते. दोघांना घरी पाठवलं.

शुक्रवारी वळण. इथे बहुतेकांचं बिनसतं. ती म्हणाली, ‘‘मावशी, मग एका हमालकाकांनी मला समजावलं आणि सगळं नीट झालं.’’ म्हणजे मुलाखत हमालकाकांची घ्यायला हवी! मी विचारलं, ‘‘ते बोलून गप्प झाले, पुढे तू काय केलंस?’’ तेव्हा आठवलं की ती स्वतः टेम्पोत चढली होती. वळणाच्या वाक्याचा कर्ता ‘मी’ हवा आणि क्रियापद डोळ्यांना दिसणारं हवं: चढले, वेगळं केलं, फोन लावला. ‘मला जाणवलं’ दिसत नाही. दुसऱ्याचं बोलणं एकच ठेवा, तेही त्याच्याच बोलीत. बाकीचं तुमच्या रोजच्या मराठीत. काळही जपा. ‘मी चढले’ म्हणता म्हणता ‘मग मी बघते तर काय’ सुरू झालं की ऐकणारा गडबडतो.

त्याच दिवशी आकडे तपासायचे. तिच्या तोंडी ‘दुप्पट भाव मिळाला’ होतं. बाबांना फोन करून वही बघायला सांगितली, तर फरक किलोमागे ६ रुपयांचा निघाला. तोच ठेवला. उपप्रश्न हमखास आकड्यावरच येतो आणि फुगवलेला आकडा तिथे उघडा पडतो.

शेवटी आपण काय शिकलो ती शिकवण सांगायला एक-दोन वाक्यं पुरतात. कसोटी सोपी: ते वाक्य दुसऱ्याच्या किश्श्याला चिकटवून बघा. ‘कष्टाला पर्याय नाही’ कुठेही चिकटतं, म्हणून बाद. वळणात जी कृती केली तिच्यातलेच शब्द शिकवणीत आले, तर ते तुमचंच राहतं.

शनिवारी दुपारी हा कागद तयार झाला:

‘‘मागच्या नोव्हेंबरात, सकाळी सहा वाजता, मी कळमन्याच्या बाजारात उभी होते. टेम्पोत आमच्या काटोलच्या बागेतले संत्र्याचे पंधरा क्रेट, आणि बाबा घरी तापाने पडलेले. एकटीने माल विकायची माझी पहिलीच वेळ. नऊला टेम्पोवाला परत निघणार होता. तोवर माल गेला नाही, तर पडेल त्या भावाला द्यायचा. पहिल्या व्यापाऱ्याने दोन फळं उचलली, परत ठेवली आणि न बोलता निघून गेला. दुसऱ्याने सांगितलेल्या भावात तोडणीची मजुरीही निघत नव्हती. मी हुज्जत घातली. तोही गेला. साडेसात वाजले. शेजारी बसलेले हमालकाका म्हणाले, ‘बारक्यानं मोठ्याचा भाव खाल्ला ना वं बाई.’ मी टेम्पोत चढले. मोठी फळं एकीकडे, बारकी एकीकडे करायला लागले. काकांनीही हात लावला. तासाभराने तोच दुसरा व्यापारी परत आला, आणि मोठ्या फळांना त्याने किलोमागे सहा रुपये जास्त दिले. मी सकाळपासून भाव मागत होते, माल दाखवतच नव्हते. आता कुठलंही काम कुणापुढे ठेवण्याआधी मी त्यातलं बारकं आणि मोठं वेगळं करते.’’

आता हे पाठ करायचं नाही. पहिलं वाक्य, हमालकाकांचं वाक्य आणि शेवटचं वाक्य, एवढी तीनच तोंडपाठ. मधल्यासाठी चिठ्ठीवर चार खुणा: क्रेट, नऊ, दोन फळं, टेम्पोत. पूर्ण घोकलं आहे का ते ओळखायला मी तिला मध्येच तोडलं आणि विचारलं, ‘‘पोह्यांवर तर्री घालू का?’’ पहिल्यांदा ती थेट सकाळी सहा वाजता परत गेली. म्हणजे घोकलेलं. तिसऱ्या वेळी ‘‘घाला ना’’ म्हणून ती दुसऱ्या व्यापाऱ्यापासून पुढे बोलत गेली.

थांबायच्या जागा दोनच ठेवल्या: ‘तोही गेला’नंतर आणि काकांच्या वाक्यानंतर, प्रत्येकी मनात दोन आकडे मोजेपर्यंत. घाबरून गती वाढली की आधी याच जागा गळतात. शनिवारी रात्री उभं राहून, समोर दोन माणसं बसवून तिने शेवटचं सांगितलं, तर ७४ सेकंदच झाले. दोन्ही थांबे खाल्ले होते. ते परत घातले आणि सावकाश सांगितलं, तेव्हा ८६ झाले. तिथेच सराव बंद केला. चिठ्ठी पर्समध्ये गेली.