यादीत १ जानेवारी १९०० दिसली, तर काय समजावं आणि काय करावं

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची सभासद-यादी जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. २०२५ मधली गोष्ट. सभासद चारशे, सरासरी वय निघालं ५३. सेक्रेटरी काका म्हणाले, "एवढं कसं असेल? निम्मी घरं तर तरुणांची आहेत." यादी उघडून पाहिली, तर चाळीस जणांची जन्मतारीख १ जानेवारी १९०० होती. संगणक प्रत्येकाचं वय १२५ धरत होता. ते चाळीस बाजूला काढल्यावर सरासरी ४५ वर आली.

अशी यादी हाती आली की आधी कुठली तारीख किती वेळा आली आहे ते मोजा. खऱ्या जन्मतारखा विखुरलेल्या असतात. एकच तारीख चाळीस वेळा आली, तर ती बहुधा कुणी सांगितलेली नसते.

```sql
SELECT dob, COUNT(*) AS n
FROM members
GROUP BY dob
ORDER BY n DESC;
```

मग ती तारीख आली कुठून ते शोधा. आमच्याकडे जुना प्रोग्रॅम न भरलेली जन्मतारीख 'काहीच नाही' म्हणजे NULL अशी न पाठवता रिकामा मजकूर म्हणून पाठवत होता. एसक्यूएल सर्व्हर तारखा १ जानेवारी १९०० पासून मोजतो, तो दिवस म्हणजे शून्य. रिकाम्या मजकुराची तारीख करायला सांगितलं की तो चूक न दाखवता तोच दिवस लिहून मोकळा होतो. हवं तर स्वतः करून पाहा:

```sql
SELECT CAST('' AS datetime);
```

प्रत्येक ठिकाणचा शून्य दिवस वेगळा असतो, आणि त्यावरून माहिती कुठून आली ते ओळखता येतं. एक्सेलमध्ये रिकाम्या सेलकडे बोट दाखवणारं सूत्र ० देतं, आणि ते तारखेच्या रूपात 00-01-1900 असं दिसतं. जुन्या मायएसक्यूएलमधून 0000-00-00 येतं. १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी वेळ दिसली, तर तो युनिक्सचा शून्य क्षण. तिथे घड्याळ ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे. मात्र १९७० च्या बाबतीत घाई करू नका. त्या दिवशी खरोखर जन्मलेली माणसं आपल्यात आहेत, त्यामुळे ५:३० ची वेळ सोबत नसेल तर कागद बघितल्याशिवाय हात लावू नये.

यापुढची पायरी लोक सर्रास गाळतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. शून्य तारीख फक्त एवढंच सांगते की रकाना रिकामा होता. का रिकामा होता, ते रकान्यावर अवलंबून. आमच्या यादीत 'सभासदत्व सोडल्याची तारीख' असाही रकाना होता आणि तिथे बहुतेकांच्या नावापुढे हीच १९०० ची तारीख होती. जन्मतारखेत तिचा अर्थ 'माहीत नाही', इथे मात्र 'अजून सोडलेलं नाही'. नव्या सॉफ्टवेअरने सोडल्याची तारीख आजच्या आधीची दिसते म्हणून राहत्या सभासदांना माजी ठरवलं. वार्षिक सभेची नोटीस त्या यादीवरून गेली असती, तर हक्काच्या माणसांनाच ती मिळाली नसती. म्हणून एकेक रकाना घेऊन, फॉर्म भरणाऱ्या माणसाला विचारून अर्थ ठरवा आणि तो लिहून ठेवा.

दुरुस्ती करताना मूळ रकाना पुसू नका. शेजारी नवा रकाना करून त्यात स्वच्छ तारीख घ्या:

```sql
UPDATE members
SET dob_clean = NULLIF(dob, '19000101');
```

नंतर नव्या रकान्यातले रिकामे मोजा. आमचे बरोबर चाळीस यायला हवे होते. जास्त आले असते, तर आधीपासूनच काही NULL होते असं समजलं असतं. त्या चाळीस जणांची यादी छापून आम्ही घरोघरी तारीख विचारली.

वर्ष सोडून फक्त दिवस आणि महिना धरून मोजल्यावर आणखी एक तारीख वर आली होती, १ जून. वर्षं वेगवेगळी, पण दिवस तोच, आणि जवळपास सगळे साठीच्या पुढचे. हा प्रकार सॉफ्टवेअरचा नव्हे. पूर्वी गावाकडे जन्माची नोंद नसायची, मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने १ जून लिहीत. एका आजोबांनी मला सांगितलं, "आईला एवढंच आठवायचं, की त्या साली पाऊस फार होता." तरीही ती तारीख काढू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत त्यांची तारीख तीच आहे.