गोळीमागून आलेली गोळी: घरातल्या ज्येष्ठांची औषधे कमी कशी करावीत

माझ्या आत्याची गोष्ट घ्या. वय 78. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम चालू होती, ती 10 केली. दोन-तीन आठवड्यांत संध्याकाळी घोटे सुजू लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज पाहून लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, दिली. मग रात्री चार वेळा उठणे, उठताना चक्कर. चक्करीसाठी तिसरी गोळी आली.

तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी चुकले नव्हते. पण ही सूज अ‍ॅम्लोडिपिनचीच होती: तिने बारीक धमन्या सैल होतात आणि पाणी पायात झिरपते. लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही.

अशी साखळी शोधायची तर आधी घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरा. मलम, डोळ्यांचे थेंब, काढे, दुकानातून आपणच आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही. मग प्रत्येकीपुढे लिहा: कशासाठी, कधीपासून, कोणी दिली. तारखा महत्त्वाच्या. नवा त्रास सुरू होण्याआधीच्या काही आठवड्यांत कोणती गोळी आली किंवा वाढली, ते त्यातूनच दिसते. आत्याची साखळी आम्हाला अशीच कागदावर सापडली.

सोबत बीपीची नोंद ठेवा. पाच मिनिटे पडून राहिल्यावर एकदा मोजा, उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल, तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवाच.

सगळी पिशवी एकाच डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा, "यातली कुठली गोळी आता नको?" स्वतः मात्र काही बंद करू नका. हृदय कमजोर असेल तर तीच लघवीची गोळी जीव सांभाळत असते. झोपेच्या गोळ्या, फिटची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयाची गती कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या एकदम तोडल्या तर अंगाशी येते. त्या टप्प्याटप्प्याने उतरवतात.

आत्याच्या हृदयाची तपासणी ठीक निघाली. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा 5 वर आणली. सूज ओसरल्यावर फ्युरोसेमाइड थांबवली, चक्करीची गोळी सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले की बरे किंवा वाईट कशाने झाले ते कळत नाही. (आम्हाला तिन्ही एकदम बंद करायची घाई झाली होती, हे कबूल करतो.)

लघवीची गोळी थांबवल्यावर रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा आडवे झाल्यावर धाप लागली तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. आत्याचे वजन हलले नाही. बीपी थोडे वर राहिले, तेवढे या वयात चालेल असे डॉक्टर म्हणाले. आता ती रात्री एकदाच उठते, भिंत न धरता.