या चुका टाळा: जपानीतला नकार ओळखताना आणि देताना

जपानी शिकणाऱ्याला ‘चोत्तो’ हा शब्द फार लवकर भेटतो. अर्थ ‘थोडं’. वहीत तेवढाच लिहिला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा, तुम्ही ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलंत, ‘दोयोबी, इश्शोनी एइगा ओ मिमासेन् का?’ म्हणजे शनिवारी सिनेमाला जाऊया का? तो म्हणतो, ‘आ… दोयोबी वा चोत्तो…’ आणि वाक्य तिथेच सोडून देतो. शब्दशः पाहिलं तर ‘शनिवार जरा…’ एवढंच. नवखा माणूस पुढचं ऐकायला थांबतो. पुढे काही येत नाही, कारण वाक्य संपलेलं असतं. हा नकार आहे. अशा वेळी ‘का? काय काम आहे?’ असं विचारणं म्हणजे त्याने झाकलेलं झाकण उघडणं.

आता गंमत व्याकरणाची. ‘वा’ हा प्रत्यय तुलना सुचवतो: शनिवारचं जमत नाही, बाकीच्या दिवसांचं बोललेलो नाही. त्यामुळे एकदा ‘मग रविवारी?’ विचारायला हरकत नाही. खरंच शनिवारचीच अडचण असेल तर बहुतेक वेळा तो स्वतःच दुसरा दिवस सुचवतो. उत्तर ‘निचियोबी मो चोत्तो…’ असं आलं, तर ‘वा’च्या जागी आलेला ‘मो’ म्हणजे ‘सुद्धा’ नीट ऐका आणि विषय सोडा. तिसरा दिवस काढू नका. हा ‘मो’ मला सगळ्या धड्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

ऑफिसात हाच नकार दुसऱ्या कपड्यांत येतो. ‘मुझुकाशीइ देस् ने’ म्हणजे ‘अवघड आहे’. आपण लगेच उपाय सुचवायला लागतो, समोरच्याला मात्र ‘होणार नाही’ म्हणायचं असतं. ‘कांगाएते ओकिमास्’, म्हणजे ‘विचार करून ठेवतो’, हेही बऱ्याचदा तसंच. तारीख किंवा पुढचं पाऊल सांगितलं नसेल, तर होकार धरून कामाला लागू नका.

स्वतः नकार देताना चूक उलटी होते. ‘मिमासेन् का’ या प्रश्नाला ‘ईए, मिमासेन्’ हे उत्तर व्याकरणात बरोबर, पण कानाला ‘नाही, मी बघणार नाही’ असं ठणकावल्यासारखं लागतं. त्यापेक्षा ‘सुमिमासेन्, दोयोबी वा चोत्तो योजी गा आत्ते…’ म्हणा. ‘योजी’ म्हणजे काम. कोणतं ते कुणी विचारत नाही. शेवटचं ‘आत्ते’ मुद्दाम अर्धवट ठेवायचं. वाक्य पूर्ण करण्याची शाळेतली सवय इथे आवरावी लागते.

काउंटरवर गोंधळ वेगळाच. जुलै 2020 पासून जपानात दुकानातल्या प्लॅस्टिक पिशव्यांना पैसे पडतात, त्यामुळे पिशवीबद्दल विचारणं नेहमीचं झालं. प्रश्न ‘फुकुरो वा गोरियो देस् का’ असेल तर ‘हाइ’ म्हणजे पिशवी हवी. ‘फुकुरो वा योरोशीइ देस् का’ असेल तर तो सहसा ‘पिशवी नसली तर चालेल ना?’ असा असतो; ‘हाइ’ म्हटलंत की सामान हातात घेऊन बाहेर पडाल. ‘केक्को देस्’ आणि ‘दाइजोबु देस्’ हेही असेच दुतोंडी. ‘ठीक आहे’ हा त्यांचा अर्थ खरा, पण काही देऊ केल्यावर म्हटले की ‘नको’. हवं असेल तर सरळ ‘ओनेगाइशिमास्’ म्हणा, म्हणजे शंका राहत नाही.

कौतुकाचं थोडक्यात. ‘निहोंगो, जोझु देस् ने’ म्हणजे ‘तुमचं जपानी छान आहे’, हे दोन वाक्यं बोलणाऱ्यालाही ऐकायला मिळतं, तेव्हा ती परीक्षेची मार्कशीट समजू नका. ‘ईए ईए, मादा मादा देस्’, ‘अजून बरंच बाकी आहे’, एवढं पुरतं. नुसतं ‘आरिगातो गोझाइमास्’ही चालतं. खरी चूक उलट दिशेने होते. शिक्षकांना ‘तुम्ही छान शिकवता’ या अर्थाने ‘जोझु’ म्हटलंत, तर तुम्हीच त्यांना मार्क दिल्यासारखं होतं. त्याऐवजी ‘ताइहेन् बेंक्यो नी नारिमाश्ता’, ‘खूप शिकायला मिळालं’, म्हणावं. तसंच काम संपल्यावर कष्टांची दखल घेताना साहेबांना ‘गोकुरोसामा’ म्हणू नये, ते वरच्याने खालच्याला म्हणायचं. ‘ओत्सुकारेसामा देस्’ म्हणावं.

शेजारच्या आजी दारात भेटल्यावर ‘ओदेकाके देस् का?’, ‘बाहेर निघालात?’ असं विचारतात, तेव्हा काही जण दवाखान्याची वेळ आणि बसचा नंबरसुद्धा सांगतात. आजींना ते नको असतं, त्यांनी फक्त नमस्कार केलेला असतो. उत्तर ठरलेलं: ‘ए, चोत्तो सोको मादे.’ हो, जरा तिथपर्यंत. कुठपर्यंत ते न तुम्ही सांगायचं, न त्या विचारणार.