सायटिकात उशी घेताय? मग या चुका टाळा

कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी घ्यायची, हे सायटिकाच्या बहुतेक पेशंटना ठाऊक असतं. तरी खानापूरपासून निपाणीपर्यंतची माणसं माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात: उशी घेतली तरी पहाटे कळ मारतेच. तपासलं की चूकही बहुधा तीच निघते. उशी फक्त गुडघ्यापुरती असते, घोटा खाली लोंबकळत असतो.

निपाणीकडच्या एक मावशी होत्या. जन्म विड्या वळण्यात गेलेला, दिवसभर जमिनीवर वाकून बसायचं. डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ. "उशी घेऊनच झोपतोय की ओ, फरक कायबी न्हाई," असं त्या जरा रागानंच म्हणाल्या. मी त्यांना खाटेवर रोजच्यासारखं झोपायला सांगितलं आणि काही न बोलता बघत राहिलो. उजव्या कुशीवर, दुखरा पाय वर, गुडघ्यांत सावरीच्या कापसाची जुनी उशी. अंग सैल पडलं तशी उशी चेपली, वरचा गुडघा पुढं घसरून खाटेला टेकला, पाऊल खाली आलं. पायामागून कंबरही वळली. खांदे एकीकडं, ओटीपोट दुसरीकडं. मणक्यापाशी आधीच चिडलेली शीर अशी तासन् तास पिळात राहते, शिवाय कुल्ल्यातल्या ज्या स्नायूखालून ती जाते तो स्नायूही ताणला जातो. मग पहाटे कळ येणारच.

त्यांच्या घरी वाकळ होती. तीच लांबट घडी करून, नाडीनं बांधून वापरायला सांगितली: गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल एवढी लांब, आणि चेपल्यावरही सहा-सात इंच उरेल एवढी जाड. जाडी प्रत्येकाची वेगळी. घरच्या कुणाला तरी मागं उभं करून बघायला सांगा: वरचा खुबा, गुडघा आणि घोटा साधारण एका पातळीत हवेत. दुसरी उशी पोटाशी कवटाळायची, म्हणजे वरचा खांदा पुढं कलंडत नाही. मावशींचा खुबा रुंद, त्यामुळे कंबरेखाली पोकळी राहत होती. तिथं टॉवेलची बारीक गुंडाळी सरकवली.

आठवड्यानं आल्या त्या घाबरून. कळ आता कुल्ल्यात जास्त जाणवत होती. पण पोटरी मोकळी झाली होती, आणि हीच चांगली खूण आहे. दुखणं पायातून वर कंबरेकडं सरकलं तर झोपायची पद्धत मानवते आहे असं समजा. खाली पावलाकडं उतरायला लागलं तर ती पद्धत सोडा, उशी कितीही मऊ असो. एक रात्र करून "काय उपयोग नाही" म्हणणाऱ्यांचा मला खरंच त्रास होतो. झोपेत अंगाची जुनी सवय मोडायलाच काही रात्री जातात. आणि उशीनं दाब कमी होतो, मणक्यातली सरकलेली चकती जागेवर बसत नाही. पाच मिनिटांत शीर मोकळी करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादाला तर लागूच नका.

दुसरी चूक उताण्या झोपणाऱ्यांची. पाय वर ठेवायचा म्हणून टाचेखाली दोन-तीन उशा रचतात आणि गुडघा ताठ ठेवतात. सायटिका तपासताना आम्ही उताणं झोपवून ताठ पाय वर उचलतो, कारण तसं केलं की शीर ताणली जाते आणि कळ येते. तेच रात्रभर कशाला करायचं? वर पाठीला लोड लावून मोबाईल बघत बसलात तर ताण आणखी वाढतो. आधार गुडघ्याच्या खाली द्या, गुडघा जरा वाकलेला राहू दे, टाच गादीला टेकू दे. दिवाणखान्यातला तक्क्या असेल तर तो उशीपेक्षा बरा, चेपत नाही.

कंबरेखाली जाड उशी नको. पालथं झोपणं शक्यतो सोडा. सुटतच नसेल तर ओटीपोटाखाली पातळ उशी घ्या. नुसत्या फरशीवर किंवा फळीवर झोपायचा सल्ला घरोघरी मिळतो, पण मी तो देत नाही. मध्यम कडक गादी पुरते. आणि उठताना उताण्याचं थेट उठून बसू नका. आधी गुडघे वाकवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा आणि हातानं रेटा देत उठा.

लघवी अडकली किंवा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं किंवा दोन्ही पायांत कळ उतरली, तर उशा बदलत बसू नका. सकाळच्या एसटीची वाट न बघता मिळेल ती गाडी करून त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा.